धायरीतील फ्रिज-वॉशिंग मशीन दुरुस्तीची गूगल प्रोफाइल: काय, कुठे आणि केव्हा

प्रश्न : मी धायरीत २०१० पासून फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. दुकान असे नाही, घराखालच्या गाळ्यात सुटे भाग ठेवतो आणि लोकांच्या घरी जाऊन काम करतो. गूगलवर प्रोफाइल आहे, फोनही येतात. पण दहातले पाच-सहा जण “हडपसरला येता का”, “एसी करता का”, “आज रविवारी चालू आहे का” एवढेच विचारून ठेवून देतात. प्रोफाइलमध्ये “ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय, उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर, संपूर्ण पुण्यात तत्पर सेवा” असे छान लिहून घेतले आहे. ते पुन्हा कसे लिहावे?

उत्तर : मजकूर बदलूच, पण त्याकडे नंतर वळू. तुम्हाला येणारे तिन्ही प्रश्न वर्णनाच्या परिच्छेदामुळे निर्माण झालेले नाहीत आणि केवळ तो बदलून ते थांबणारही नाहीत. फ्रिजखाली पाण्याचे तळे साचलेले असताना जी व्यक्ती मोबाइलवर शोधते, तिला पहिल्या नजरेत तुमचे नाव, तारांकन, त्याखाली व्यवसायाचा प्रकार, ‘चालू’ किंवा ‘बंद’ ही वेळेची ओळ आणि फोनचे बटण एवढेच दिसते. वर्णन बरेच खाली असते, आणि तिथपर्यंत पोहोचण्याआधीच बोट फोनच्या बटणावर गेलेले असते. म्हणून काय, कुठे आणि केव्हा यांची उत्तरे आधी रकान्यांत बसली पाहिजेत. वर्णनाचे काम एवढेच की ज्याला खात्री करून घ्यायची आहे, त्याला रकान्यांत न मावलेला तपशील द्यावा.

‘काय’पासून सुरुवात करू. ज्या खात्यावर प्रोफाइल आहे त्याच खात्याने गूगलवर स्वतःच्या व्यवसायाचे नाव शोधले की वर Edit profile हे बटण दिसते. तिथे आपला मुख्य प्रकार कोणता निवडला आहे ते पाहावे. बहुतेक मेकॅनिकांच्या प्रोफाइलला Appliance repair service हा प्रकार असतो, कारण प्रोफाइल उघडताना तोच पटकन सुचतो. तो चूक नाही. पण त्यात मिक्सरपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळेच येते, त्यामुळे वाचणाऱ्याला तुमचे नेमके काम कळत नाही. तुमच्याकडे फ्रिजची कामे जास्त येत असतील, तर मुख्य प्रकार Refrigerator repair service असा ठेवावा आणि वॉशिंग मशीनचा प्रकार जोडप्रकार म्हणून घ्यावा. मुख्य धरून एकूण दहा प्रकार निवडता येतात. याचा अर्थ दहाच्या दहा भरावेत असा नाही. Air conditioning repair service हा प्रकार पूर्वी कोणीतरी “असू दे” म्हणून घातला असण्याची शक्यता मला दाट वाटते. तो असेल तर काढून टाकावा.

एसीचे फोन येण्याचे आणखी एक कारण असते आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रोफाइलमध्ये Services नावाची यादी असते. तुम्ही निवडलेल्या प्रकारावरून गूगल तिथे सेवा सुचवते आणि काही वेळा स्वतःहून त्या यादीत जोडतेही. शिवाय कोणीही माणूस तुमच्या प्रोफाइलवर दुरुस्ती सुचवू शकतो आणि ती कधी कधी तुम्हाला न विचारता लागू होते. त्यामुळे ही यादी उघडून ओळ न् ओळ वाचावी, जे करत नाही ते काढावे, आणि जे करता ते ग्राहकाच्या तोंडी असलेल्या शब्दांत लिहावे. ‘रेफ्रिजरेशन सोल्युशन्स’ असे कोणी शोधत नाही. ‘फ्रिज थंड होत नाही’, ‘फ्रिजमध्ये गॅस भरणे’, ‘वॉशिंग मशीनचे पाणी जात नाही’, ‘ड्रम फिरत नाही’ असे लोक बोलतात. प्रत्येक सेवेखाली ३०० अक्षरांपर्यंत खुलासा लिहिता येतो आणि किंमतही टाकता येते. दराची जागा हीच आहे, कारण वर्णनाचा भर किमती आणि सवलतींवर नसावा असा गूगलचा नियम आहे. ‘घरी येऊन तपासणी’ अशी एक स्वतंत्र सेवा करून तिच्यापुढे आपले व्हिजिटिंग चार्जेस लिहावेत, आणि दुरुस्ती करून घेतल्यास ते बिलातून वजा होतात की नाही हेही तिथेच सांगावे. दारात होणाऱ्या वादांपैकी बराचसा वाद या एका ओळीने टळतो.

व्यवसायाच्या नावात मात्र ‘काय’ आणि ‘कुठे’ कोंबू नये. ‘अमुक रेफ्रिजरेशन – फ्रिज वॉशिंग मशीन रिपेअर सिंहगड रोड पुणे’ असे नाव तुम्ही आजूबाजूला पाहिले असेल आणि ती प्रोफाइल वर दिसते हेही खरे असेल. पण नियमाप्रमाणे नाव तेच हवे, जे तुमच्या पाटीवर, बिलबुकावर आणि लोकांच्या तोंडी आहे. एखाद्या स्पर्धकाने तक्रार केली की अशी प्रोफाइल निलंबित होऊ शकते, आणि मग दाद मागताना शॉप अॅक्टची नोंद, जीएसटी असल्यास त्याचे प्रमाणपत्र किंवा वीजबिल अशी कागदपत्रे द्यावी लागतात. दाद मागण्याचा अर्ज सुरू केल्यावर पुरावे चढवायला तासाभराचाच अवधी मिळतो. कागदावर ‘अमुक रेफ्रिजरेशन’ आणि पडद्यावर ओळभर नाव असा प्रकार असला, तर त्या तासाभरात काही जुळवता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका प्लंबरचे ऐन पावसाळ्यातले जवळजवळ तीन आठवडे असेच गेले होते. नंतर त्याने पाटीच नव्या नावाची करायची ठरवली, तो भाग वेगळा.

आता ‘कुठे’. तुमच्याकडे ग्राहक येत नाहीत, तुम्ही त्यांच्याकडे जाता. अशा व्यवसायाने पत्ता लपवून सेवाक्षेत्र दाखवावे, असे गूगलचे धोरण आहे. गाळ्याचा पत्ता नकाशावर टाचणीसारखा दिसत राहिला, की दोन गोष्टी घडतात. एखादा माणूस मिक्सर पिशवीत घालून दारात येतो आणि तुम्ही नेमके नांदेड सिटीत असता. किंवा टाचणी पाहून लोक ‘यांचे दुकान आहे, घरी येत नसतील’ असा समज करून घेतात. पत्ता लपवला म्हणजे प्रोफाइल नाहीशी होत नाही. टाचणीऐवजी सेवेचा परिसर दिसतो, एवढाच फरक पडतो.

सेवाक्षेत्रात जास्तीत जास्त वीस ठिकाणे घालता येतात आणि एकूण हद्द तुमच्या ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या गाडीप्रवासाबाहेर जाऊ नये, अशी सूचना आहे. इथेच बहुतेकांची गफलत होते. ‘पुणे’ हे एकच नाव घातले की सगळे शहर आले, आणि जितके मोठे क्षेत्र तितके जास्त ग्राहक, असे वाटते. स्थानिक निकाल ठरवताना गूगल तीन गोष्टी पाहते असे ते स्वतः सांगतात : शोधलेल्या गोष्टीशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. माझ्या अनुभवात हे अंतर तुमच्या पडताळलेल्या मूळ ठिकाणापासून मोजले जाते, तुम्ही आखलेल्या हद्दीपासून नव्हे. म्हणजे ‘हडपसर’ घातल्याने तुम्ही हडपसरच्या शोधात वर येत नाही. मात्र जो कोणी हडपसरहून तुमच्यापर्यंत पोहोचतो, त्याला तुम्ही येता असे वाटते आणि तो फोन करतो. तुमची आजची निम्मी डोकेदुखी ‘पुणे’ या एकाच शब्दात आहे.

यासाठी अंतरापेक्षा वेळेचा हिशेब करावा. गेल्या दोन महिन्यांचे बिलबुक घ्यावे आणि कुठल्या भागात किती कामे झाली ते मांडावे. मी असे बिलबुक ज्यांच्या-ज्यांच्यासोबत बसून पाहिले आहे, त्यांची बहुतेक कामे सात-आठ वस्त्यांतच असतात आणि बाकीची शहरभर विखुरलेली असतात. तुमच्या बाबतीत धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक, नांदेड सिटी, आनंदनगर, हिंगणे आणि किरकटवाडी ही नावे येतील असा माझा अंदाज आहे. नदीपलीकडचे वारजे आणि कोथरूड नकाशावर जवळ दिसतात, पण संध्याकाळी सहा वाजता तिथे पोहोचायला किती वेळ लागतो हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. ज्या भागात संध्याकाळचा फोन आल्यावर तुम्ही “उद्या बघू” म्हणता, तो भाग यादीत नसावा. ओळखीतून आलेले काम करायला कोणी अडवत नाही. ते जाहीर करायची गरज नाही, इतकेच. आणि नावे लोक बोलतात तशी लिहावीत. ‘सिंहगड रोड’ हे एकच नाव दांडेकर पुलापासून खडकवासल्यापर्यंत काहीही सांगू शकते, म्हणून ते एकटे पुरत नाही.

‘केव्हा’ हा तिन्हींत सर्वांत नाजूक भाग, कारण इथे चुकीची माहिती थेट एका तारेच्या अभिप्रायापर्यंत नेते. घरी जाऊन काम करणाऱ्याची ‘वेळ’ म्हणजे नेमके काय, हे आधी स्वतःशी ठरवावे लागते : फोन उचलण्याची वेळ की काम करण्याची? मी नेहमी फोन उचलण्याची वेळ लिहायला सांगतो, कारण पडद्यावर ‘चालू’ दिसले की माणूस फोन करतो आणि त्याला उत्तराची अपेक्षा असते. चोवीस तास चालू असे लिहिणारे पुष्कळ आहेत; रात्री अकराला तीन वेळा वाजून गेलेला फोन सकाळी तुम्हाला अभिप्रायात वाचायला मिळतो. तुम्ही सकाळी साडेनऊ ते रात्री आठ फोन घेत असाल तर तेवढेच लिहावे. दुपारी एक ते चार खरोखरच फोन उचलत नसाल (पुण्यात हे सांगायला लाजायचे कारण नाही) तर एका दिवसात वेळेचे दोन तुकडे भरता येतात, ते वापरावेत. रविवार ‘बंद’ असा स्पष्ट निवडावा. सवयीने सगळ्या दिवसांना एकच वेळ लावली, की रविवारी सकाळी, म्हणजे लोकांना मशीन लावायला सवड असते नेमक्या तेव्हा, तुमच्या नावाखाली ‘चालू’ असे उमटते.

सणासुदीच्या दिवसांसाठी वेगळ्या वेळांचा रकाना आहे. अनंत चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, भाऊबीज अशा तारखा आठवडाभर आधी भरून ठेवाव्यात. गौरी-गणपतीला गावी जात असाल तर तेवढे दिवस तारखेवार ‘बंद’ करावेत. मूळ वेळा बदलू नयेत, कारण परतल्यावर त्या पूर्ववत करायचे हमखास राहून जाते. एक गोष्ट मात्र कुठल्याही रकान्यात बसत नाही. महापालिका देखभालीसाठी एखाद्या गुरुवारी पाणी बंद ठेवते, तेव्हा वॉशिंग मशीन चालवून तपासता येत नाही आणि दुरुस्ती झाली की नाही हे दाखवताही येत नाही. अशा दिवशी मशीनचे काम पुढच्या दिवशी देऊ, हे फोनवर किंवा प्रोफाइलवरच्या छोट्या ताज्या सूचनेत सांगावे.

लोकांना आणखी एक ‘केव्हा’ हवा असतो आणि तो वेळापत्रकात नसतो : आज येणार की उद्या? याचे उत्तर वर्णनात द्यायचे. आता तो मजकूर पाहू. ‘संपूर्ण पुण्यात’ सोडले तर तुमच्या जुन्या परिच्छेदातला एकही शब्द खोटा नाही, पण तो जसाच्या तसा केटररला, क्लासला किंवा टूर कंपनीलाही लावता येतो. त्यात ‘फ्रिज’ हा शब्दच नाही, आणि ‘संपूर्ण पुण्यात’ हा एकुलता एक ठोस तपशील तुम्हाला नको असलेले फोन आणतो. त्याऐवजी मी असे लिहीन :

> धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक, नांदेड सिटी, आनंदनगर, हिंगणे आणि किरकटवाडी भागात घरी येऊन फ्रिज व वॉशिंग मशीन (सेमी, टॉप लोड, फ्रंट लोड) दुरुस्त करतो. सोमवार ते शनिवार, सकाळी ९.३० ते रात्री ८, रविवारी बंद. दुपारी १२ पर्यंत फोन आल्यास बहुधा त्याच दिवशी येतो, त्यानंतरच्या फोनला दुसऱ्या दिवशीची वेळ देतो. एसी, मायक्रोवेव्ह आणि टीव्हीचे काम करत नाही. कोणत्याही कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र नाही. वॉरंटीतील यंत्रासाठी कंपनीकडेच तक्रार नोंदवावी. गॅस भरणे आणि कॉम्प्रेसर बदलणे घरीच होते. वॉशिंग मशीनचा सर्किट बोर्ड मात्र दुरुस्तीसाठी घेऊन जावा लागतो व साधारण दोन-तीन दिवस लागतात. येण्यापूर्वी मॉडेल क्रमांकाच्या स्टिकरचा फोटो पाठवल्यास सुटा भाग बरोबर आणता येतो. २०१० पासून हेच काम.

पहिल्या वाक्यात ‘कुठे’ आणि ‘काय’, दुसऱ्या-तिसऱ्यात ‘केव्हा’ हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, कारण पडद्यावर सुरुवातीच्या ओळीच दिसतात आणि उरलेले उघडून वाचावे लागते. ‘बहुधा’ हा शब्दही विचारपूर्वक घातला आहे. ‘त्याच दिवशी येतो’ असे छातीठोक लिहिले आणि एखाद्या मे महिन्यात कामे तुंबली, तर तेच वाक्य तुमच्यावर उलटते. ‘१५ वर्षांचा अनुभव’ असे लिहिले की दर वर्षी आकडा बदलावा लागतो आणि तो कोणी बदलत नाही, म्हणून सुरू केल्याचे वर्ष लिहावे. अधिकृत सेवाकेंद्र नसल्याचे वाक्य काढून टाकण्याचा मोह तुम्हाला होईल. कृपया काढू नये. वॉरंटीतले मशीन घेऊन बसलेल्या ग्राहकाकडे जाऊन रिकाम्या हाताने परत येण्यात तुमचेच पेट्रोल जाते, आणि कंपनीच्या नावाखाली फसवणाऱ्यांमुळे लोक आधीच सावध असतात.

वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत ती वाटते त्यापेक्षा लवकर संपते, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांपैकी प्रत्येक खूण स्वतंत्र अक्षर म्हणून मोजली जाते. ‘दुरुस्ती’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. मोजणीत तो आठ होतो. त्यामुळे मराठीत साधारण शंभर-सव्वाशे शब्दच मावतात, आणि वरचा मजकूर त्या मर्यादेच्या बराच जवळ जातो. आणखी काही घालायचे झाल्यास आधी काहीतरी काढावे लागेल. संकेतस्थळाचा दुवा वर्णनात घालू नये. त्याला वेगळा रकाना आहे. इंग्रजीत शोधणाऱ्यांचे काय, असा प्रश्न पडेल. सेवांच्या यादीत ‘फ्रिज दुरुस्ती’ याच ओळीत Fridge repair असे लिहिले की ती गरज भागते; सगळे वर्णन दोन भाषांत लिहून दोन्ही अर्धवट ठेवण्यात अर्थ नाही.

हे सगळे बदल एकाच बैठकीत करू नयेत. आधी वेळा आणि सेवांची यादी, एक-दोन दिवसांनी वर्णन आणि सेवाक्षेत्र, मग मुख्य प्रकार, आणि नाव किंवा पत्ता बदलायचा असेल तर तो सर्वांत शेवटी. नाव, पत्ता, प्रकार एकदम बदलले की गूगल पुन्हा पडताळणी मागण्याची शक्यता वाढते, आणि ती आजकाल बहुधा व्हिडिओने होते : रस्त्याची किंवा सोसायटीची पाटी, गाळा, हत्यारे आणि सुटे भाग, नाव असलेले बिलबुक असे सलग चित्रीकरण करावे लागते. काही बदल मिनिटांत दिसतात, काही दिवसांनी दिसतात. दिसला नाही म्हणून तोच बदल पुन:पुन्हा करत बसू नये.

फरक पडला की नाही हे स्वतःच्या फोनवर पाहून कळत नाही. तुम्ही प्रोफाइलच्या शेजारीच बसलेले असता आणि मालक म्हणून तुम्हाला वेगळा पडदा दिसतो. वडगावात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला त्याच्या फोनवर शोधायला सांगावे, दहा सेकंदांनी फोन काढून घ्यावा आणि “रविवारी चालू आहे का? एसी करतात का? तुझ्याकडे येतील का?” असे विचारावे. जिथे तो अडखळेल तो रकाना अजून कच्चा आहे.

दुसरे म्हणजे बिलबुकाच्या शेवटच्या पानावर चार उभे रकाने आखावेत : काय, कुठे, केव्हा आणि काम. बदलापूर्वीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे प्रत्येक फोनची एक रेघ योग्य रकान्यात मारावी. गूगलच्या Performance या पानावर प्रोफाइलवरून किती वेळा फोनचे बटण दाबले गेले ते दिसते, पण त्यातला कोणता फोन फुकट गेला हे तिथे दिसत नाही. आकडा कमी झाला तर लगेच घाबरून ‘संपूर्ण पुणे’ परत घालू नये. आधी आपले पान पाहावे. एकूण रेघा घटल्या आणि ‘काम’च्या रकान्यातल्या तेवढ्याच राहिल्या किंवा वाढल्या, तर गळाले ते हडपसरचेच फोन. ‘काम’च्याच रेघा घटल्या असतील तर मात्र सेवाक्षेत्र किंवा मुख्य प्रकार फारच आवळला गेला आहे, त्यातला एकच बदल मागे घेऊन पुन्हा दोन आठवडे मोजावे. आणि ‘केव्हा’च्या रकान्यात रेघा तशाच पडत राहिल्या, तर बहुतेक वेळा दोष दुसरीकडे सापडतो : व्हॉट्सअॅप बिझनेसवर किंवा एखाद्या जुन्या व्यवसाय-सूचीत तुमच्या नावापुढे अजूनही ‘सर्व दिवस चालू’ असे लिहिलेले असते. तिथेही हाच मजकूर आणि याच वेळा टाकाव्यात.